सोमवारी भरलेली शून्यं

डायलिसिस विभागाचं काम माझ्या हाती ज्याने दिलं, त्याने ते रुग्णालयाच्या सायकल स्टँडवर उभ्या उभ्या दिलं. तो आखातात निघाला होता. डोक्यावर हेल्मेट होतं, काच वर केलेली. दहा मिनिटांत त्याने मला किल्ल्या दिल्या, मशीन दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर दिला, चार नंबरचं मशीन उगाच ओरडतं म्हणून सांगितलं, आणि गाडीला किक मारता मारता म्हणाला, "पाण्याच्या वहीत क्लोरिनचा एक रकाना आहे. आपलं पाणी बोअरचं. बोअरला क्लोरिन कुठून येणार? शून्यच येतं. सोमवारी आठवड्याची शून्यं भरून टाक, म्हणजे रोज आठवण ठेवायला नको."

मी तेवीस वर्षांची होते आणि मला ते शहाणपणाचं वाटलं.

त्यानंतर तीन वर्षं दर सोमवारी सकाळी मी वही उघडून सहा शून्यं काढत असे. गोल, सारखी, एका ओळीत. माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून मी वडिलांच्या पत्रकांची सुवाच्य प्रत काढून देत आले. तंजावरकडच्या मेलकावेरीतल्या आमच्या घरी पुढची खोली म्हणजे अर्धं कामगार संघटनेचं कार्यालय होतं. मी बाराखडी शिकले ती तमिळ पत्रकांवर. घरात बोलायचो तंजावरची आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ, आणि ही जी मराठी मी लिहितेय ती पुढे पुस्तकांतून आलेली. पण लिहिणं म्हणजे काय, हे मला पत्रकांनी शिकवलं. कुणीतरी खोटं बोलतंय, त्याचं खोटं कागदावर पकडायचं, आणि तो कागद चौकात वाटायचा. माझ्या मते जगात दोन बाजू होत्या, आणि खोट्या नोंदी ठेवणारे समोरच्या बाजूला होते.

दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मला नोकरी मिळाली तेव्हा मी तीस दिवसांची नोटीस दिली. नव्या ठिकाणी अट होती: जुन्या रुग्णालयाचं कार्यमुक्तीचं पत्र आणा, आणि आम्ही तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलू. पण खरं सांगायचं तर पत्रापेक्षा मला दुसरंच हवं होतं. मी गेल्यावर त्या खोलीत कुणीतरी म्हणावं, "तिच्यासारखी कुणी नाही." निघणं इतकं नीट व्हावं की माझी आठवण राहावी. म्हणून मी पहिल्याच दिवशी चार आठवड्यांचा आराखडा केला. पहिल्या आठवड्यात सगळं लिहून काढायचं. दुसऱ्यात नव्या मुलीने माझं काम पाहायचं. तिसऱ्यात तिने करायचं आणि मी शेजारी उभं राहायचं. चौथ्यात मी हात पाठीमागे बांधायचे; काहीही झालं तरी हात लावायचा नाही.

हेड सिस्टरनी आराखडा पाहिला. रुग्णालय उभं राहिल्यापासून त्या इथे होत्या. त्यांच्या शब्दाशिवाय डॉक्टरही कुणाला रजा देत नसत. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "लग्नाची तयारी करतेस की जायची? एवढं कुणी करत नाही. बरं आहे. तुझी शाल मी चांगली आणीन." निरोपाला शाल पांघरायची आमच्याकडे पद्धत. मग जाता जाता, दाराशी थांबून: "आणि हो, नव्या इमारतीचा पाया बोअरवरून जातोय. बोअर बंद करणार. या महिन्याच्या शेवटी टाकीला नगरपालिकेचं पाणी जोडतील. तुझ्या कागदात घाल."

मी घातलं. 'पाण्याचा स्रोत: बोअर (महिनाअखेरीस नगरपालिका).' एवढी एक ओळ. लिहिताना माझ्या मनात काहीही हललं नाही.

माझं टिपण चौदा पानांचं झालं. पहिली दोन पानं रुग्णांच्या हक्कांवर होती. तिसऱ्यावर आपण मशीन चालवणारे मजूर नसून एका जीवाचे रखवालदार कसे आहोत, ते होतं. मग प्रत्येक मशीनचे स्वभाव. प्रत्येक रुग्णाचा कुठला हात, कुणाला तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात, कुणाला सुई टोचताना गप्पा लागतात. पाण्याची खोली नवव्या पानावर. मला ते देखणं करायचं होतं, म्हणून मी फोटो घालत होते. क्लोरिनच्या चाचणीत रंग आला तर कसा गुलाबी दिसतो, त्याचा फोटो माझ्याकडे नव्हता. कसा असणार? तीन वर्षांत गुलाबी रंग मी पाहिलाच नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, मुद्दाम गुलाबी करून फोटो काढू. कँटीनच्या नळाला नगरपालिकेचं पाणी यायचं. नदीत नवं पाणी सोडलं की त्या पाण्याला औषधासारखा वास मारायचा. कँटीनवाला म्हणायचा, कॉफीत फिल्टरची पावडर कमी आणि नगरपालिकेची जास्त. त्या दिवशी तर गिलास नाकाशी नेताच डोळ्यांना झोंबलं. मी नळीत पाणी घेतलं, कपाटातल्या चाचणीच्या बाटलीतून थेंब टाकले, हलवलं, आणि खिडकीतल्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरलं. मोबाईल तयार ठेवला.

पाणी स्वच्छ राहिलं.

आणखी थेंब टाकले. थांबले. वास तसाच नाकात होता आणि नळीतलं पाणी काचेसारखं नितळ. बाटलीवरचं लेबल ओलीने पुसून गेलं होतं. तारखेच्या जागी नुसता निळा डाग. ते औषध केव्हाच मेलं होतं. कधी, ते कुणालाच सांगता आलं नसतं, कारण कुणी वापरतच नव्हतं. वापरलं असतं तरी त्याने शून्यच सांगितलं असतं.

पाण्याच्या खोलीत पंप चालू होता. तो कायम चालू असतो, म्हणून ऐकू येत नाही. त्या दुपारी मला तो ऐकू आला.

ज्यांना या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन असतं ते आपल्या भल्यासाठी. पोटात गेलं तर काही होत नाही. पण डायलिसिसमध्ये एका पातळ पडद्याच्या अलीकडे माणसाचं रक्त वाहतं आणि पलीकडे पाणी. एका वेळेला शंभर लिटरच्या वर. क्लोरिन त्या पडद्यातून रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात. नळीतलं रक्त दाट दिसायचं ते जांभळाच्या सरबतासारखं आरपार दिसू लागतं. माणूस म्हणतो, छाती भरून आली. आणि तोवर उशीर झालेला असतो. हे होऊ नये म्हणून वाटेत कोळशाची टाकी असते, कार्बनची. ती क्लोरिन शोषते आणि शोषून शोषून संपते. तिच्या पुढे आर.ओ.चं गाळणयंत्र असतं, पण ते क्लोरिन अडवत नाही. कार्बनची टाकी संपली की नाही, ते कळायचा एकच मार्ग: रोज सकाळी, पहिल्या रुग्णाआधी, तिच्या पुढच्या नळाचं पाणी नळीत घेऊन पाहायचं. त्याच रकान्यात आम्ही सोमवारी शून्यं भरत होतो.

आमची कार्बनची टाकी कधी भरली होती, ते वहीत नव्हतं. बोअरचं पाणी, मग कोळसा बदलायचा कशाला?

म्हणजे असं होतं: महिनाअखेरीस मी निघणार. त्याच सुमारास पाणी बदलणार. वाटेत मेलेला कोळसा, कपाटात मेलेलं औषध, आणि वहीत माझी गोल गोल शून्यं. नवी मुलगी सोमवारी ती पाहणार आणि माझ्यासारखीच शिकणार.

मी धावत हेड सिस्टरकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चाचणीची नवी पेटी लगेच मागवली. ती चार दिवसांत आली. कार्बनचं त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, सांगितलंय, पुढच्या महिन्यात येईल. "टाकीत कोळसा आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "आहे." "मग?" नव्या औषधाने मी बोअरचं पाणी तपासलं. शून्य. खरंखुरं शून्य. सगळे निश्चिंत झाले, आणि माझी झोप त्याच शून्याने उडाली.

नवी मुलगी दुसऱ्या आठवड्यात आली. चोळपुरमहून सकाळची पहिली बस धरायची. डिप्लोमा नुकताच झालेला, बोलायला चुणचुणीत, हात स्थिर. नवव्या पानावर खोट्या शून्यांची गोष्टही घालून मी तिला चौदा पानं दिली आणि दोन दिवसांनी विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं ना अक्का. फार छान लिहिलंय. मला रडू आलं."

"नवव्या पानावर काय आहे?"

ती पानं चाळू लागली. मग हसली. "आठव्यावर डुलकी लागली. बस चोळपुरमच्या पुढे गेली आणि कंडक्टरने उठवलं. अक्का, इतकं कोण वाचणार? मला सकाळी आल्या आल्या काय करायचं तेवढं सांगा."

पानांवर तिच्या फ्लास्कचा गोल डाग होता. मला राग आला. तो राग आणि ती पानं मी घरी नेली.

वडील पुढच्या खोलीत आरामखुर्चीवर होते. संघटना आता नाही, गिरणीही नाही, पण कागद आला की त्यांचा हात आधी पाठकोरी बाजू पाहतो. त्यांनी चौदा पानं हातात तोलली.

"काय गे, चिठी लिहिलीस कीं पुराण?"

"सगळं आहे त्यात."

"असेल. माणूस कोठें मरतो ते कोठल्या पानावर?"

"नवव्या."

त्यांनी चष्मा काढला. "पत्रक उभ्यानं वाचतात, बाळे. बस येती, हातांत पिशवी असती. पहिल्या ओळींत काय करायचं ते नसलं तर त्या कागदांत वेर्कडलै बांधतात." वेर्कडलै म्हणजे शेंगदाणे, आमच्या मराठीत तमिळ अशी अधूनमधून येते. मग त्यांनी नववं पान नीट वाचलं आणि बोट ठेवलं. "हे खोटीं शून्यं घालणारे कोण? 'मागील कर्मचारी' लिहिलंयस. मागील म्हणजे कोण?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"तूं?"

पंख्याचा आवाज येत होता. ज्यांनी पंचवीस वर्षं मालकांच्या खोट्या वह्यांवर पत्रकं काढली त्यांच्यासमोर मी उभी होते, आणि त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. कागद परत देत एवढंच म्हणाले, "मग नांव घाल. दुसऱ्याचं घालायला आपण कधीं भ्यालों नाहीं."

मी चौदा पानं बाजूला ठेवली आणि एक पान लिहिलं. मोठ्या अक्षरात, तमिळमध्ये.

'पाणी तपासल्याशिवाय कुणालाही मशीनवर घेऊ नका. कार्बनच्या पुढच्या नळाचं पाणी नळीत घ्या, थेंब टाका, तक्त्याशी रंग जुळवा. तक्त्यावरच्या पहिल्या खुणेपेक्षा गुलाबी दिसलं तर सगळी मशीनं थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. आर.ओ. क्लोरिन अडवेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तपासल्यावरच आकडा लिहा. बाटलीची तारीख रोज पाहा.' आणि सगळ्यात खाली: 'वहीत माझ्या अक्षरातली तीन वर्षांची शून्यं तपासलेली नाहीत. ती आधी भरलेली आहेत. त्यांच्यावर विसंबू नका.' खाली सहीच्या तीन जागा: देणारी, घेणारी, हेड सिस्टर.

हेड सिस्टरनी ते उभ्यानेच वाचलं. म्हणजे वडिलांचं म्हणणं खरं होतं. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"हे काढ."

"का सिस्टर?"

"का म्हणजे? तपासणीला बाहेरची माणसं येतात, ती वही मागतात. तुझ्या ओळीने पूर्ण वही रद्दी होईल. वर बाकीचं सगळं सोन्यासारखं आहे. दारावर लाव, फाईलमध्ये घाल, मी डोळे मिटून सही करते. ही ओळ कुणाच्या उपयोगाची?"

"तिच्या." मी नव्या मुलीकडे पाहिलं. ती मशीन पुसायचं सोडून ऐकत होती. "नाहीतर सोमवारी वही उघडून ती शून्यंच शिकेल. मी तशीच शिकले."

"तिला तोंडी सांग."

"मलाही तोंडीच सांगितलं होतं."

हेड सिस्टरनी वहीकडे पाहिलं. वहीत तीन अक्षरं होती: माझं, माझ्या आधीच्या मुलाचं, आणि आमच्या रजेच्या दिवशी त्यांचं. ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"लहान पोर आहेस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नव्या ठिकाणचा फोन येईल तेव्हा डॉक्टर मलाच विचारतील ही कशी होती. आणि हस्तांतराच्या कागदावर माझी सही नसली तर कार्यालय पत्र देत नाही. तुला हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग ठेव तुझी ओळ. सही विसर."

ते पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी पाण्याच्या खोलीच्या दारावर लावलं. दोन सह्या होत्या. तिसरी जागा कोरी.

तिसऱ्या आठवड्यात रोज सकाळी नवी मुलगी पाणी तपासायची. रोज शून्य. रोज ती नळी उजेडात धरायची आणि मी तिच्या खांद्यावरून बघायचे, आणि रोज रंग न आल्याचं समाधान थोडं कमी होत जायचं. अंगणात पायासाठी आखणी झाली. चुन्याची पांढरी रेघ बोअरच्या चौथऱ्याला मधोमध कापून गेली होती. कार्बन आला नव्हता. व्यवस्थापक म्हणायचे, निघालाय. कुठून, ते कुणी सांगत नसे. मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर दोनदा उभी राहिले. दोन्हीदा ते शस्त्रक्रियेत होते. तिसऱ्यांदा भेटले तेव्हा मान हलवून म्हणाले, "पाणी जोडायच्या आधी कार्बन येईल, काळजी करू नकोस. तू छान टिपणं केलीस म्हणे."

जोडणीचा दिवस ठरला होता तो मी गेल्यानंतरचा. पण कंत्राटदाराला मजूर लवकर मिळाले. माझ्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही घरी गेल्यावर, त्याच्या माणसांनी टाकीला नवा पाइप जोडला आणि बोअरची झडप बंद केली. विभागाला कुणी कळवलं नाही. पाणी म्हणजे बांधकामाचं काम, असं त्यांना वाटलं असणार.

शेवटच्या दिवशी मी सहाच्या आधी पोचले. आराखड्याप्रमाणे हात पाठीमागे. हेड सिस्टरच्या टेबलावर शालीचं पाकीट होतं, लाल काठ, पारदर्शक प्लास्टिकमधून दिसणारा. पहिल्या पाळीचे रुग्ण बाकावर येऊन बसले होते. तिरुविडैमरुदूरचे एक आजोबा नेहमी पहिले असत. पूर्वी विड्याच्या पानांचा मळा होता त्यांचा. मला 'पाप्पा' म्हणायचे, म्हणजे लहान मुलगी; मी त्यांना 'ताता', म्हणजे आजोबा. "पाप्पा, उद्यापासून ही नवी पाप्पा टोचणार का? हात कसा आहे हिचा?"

"माझ्यापेक्षा हलका, ताता."

"खोटं. तुला जायचंय म्हणून सांगतेस."

मुलगी पाण्याच्या खोलीत गेली. मी दारात उभी राहिले. तिने नळ सोडला, आणि तो वास मला दारातच आला.

मी काहीच बोलले नाही. ते तीन-चार सेकंद माझ्यासाठी अजून संपलेले नाहीत. तिला वास ओळखीचा नव्हता. तिच्या गावात सगळ्यांच्या घरी हातपंप. तिने नळी भरली. बाटली उलटून तारीख वाचली. थेंब टाकले. हलवलं. उजेडात धरलं.

नळीत गुलाबी रंग उतरला. तळाशी आधी, मग वर चढत. जास्वंदी कोमेजताना होते तसा. तिने तक्त्याशी जुळवून पाहिला आणि तो पहिल्या खुणेच्या कितीतरी पुढे होता. मग तिने मी न सांगता एक गोष्ट केली: कार्बनच्या अलीकडच्या नळाचं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. तोच रंग. दोन्ही नळ्या शेजारी धरल्या तर कुठली कुठली ते सांगता आलं नसतं. कोळसा काहीही करत नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे इतके आवळले होते की नखं रुतली. मी दाराकडे पाहिलं. ती दाराशी आली, वाचलं, आणि बाहेर जाऊन म्हणाली, "सिस्टर, आज कुणाला घ्यायचं नाही."

हेड सिस्टर उठल्या. "काय?"

"पाणी गुलाबी आहे."

"सहा जण बसलेत. पुढे आर.ओ. आहे ना? ते अडवेल. एक पाळी होऊन जाऊ दे, तोवर मी विचारते."

मुलगी म्हणाली, "आर.ओ. अडवेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"दारावर."

आजोबांनी वर केलेली बाही खाली घेतली. हेड सिस्टर पाण्याच्या खोलीत गेल्या. त्यांनी नळ्या पाहिल्या, नाक जवळ नेलं, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या बाईंनी या विभागात शेकडो माणसांच्या सुया काढल्या होत्या. त्यांना काय होऊ शकलं असतं ते मला सांगायची गरज नव्हती. त्यांनी नळ्या जाग्यावर ठेवल्या. मग बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला.

त्या दिवशी दोन रुग्णांना सरकारी रुग्णालयात पाठवलं. बाकीचे बसून राहिले. झडप पुन्हा उघडून बोअर जोडलं, टाकी रिकामी केली, धुतली, पूर्ण लाइन वाहू दिली. दर अर्ध्या तासाने मुलगी नळी उजेडात धरायची. गुलाबी, फिका गुलाबी, मग संशयास्पद. दुपारी तीनला पहिलं शून्य आलं. तिने ते वहीत लिहिलं, वेळेसकट. त्याच पानावर वर माझ्या अक्षरातली जुनी शून्यं होती. तिचं शून्य वाकडं होतं.

आजोबांना तिने टोचलं. ते डोळे मिटून म्हणाले, "हलकाय हात." माझ्याकडे पाहिलं नाही.

शालीचा कार्यक्रम झाला नाही. कुणाला सुचलंच नाही, आणि कुणी आठवण करून दिली असती तर ते विचित्र दिसलं असतं. पाच वाजता मी पिशवी उचलली तेव्हा हेड सिस्टर फाटकापर्यंत आल्या. शालीचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "घे. आणलीच आहे." मग म्हणाल्या, "आजच्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. मानवत नाहीत. तू ती ओळ लिहिलीस आणि मला त्या वहीकडे बघवत नाही."

मी म्हणाले, "मलाही."

कार्यमुक्तीचं पत्र दीड महिन्याने टपालाने आलं. त्यात 'वर्तन समाधानकारक' होतं. इतर सगळ्यांना 'उत्तम' लिहितात. नव्या रुग्णालयाने माझी नोकरी तोवर धरून ठेवली. तिथे पहिल्या सकाळी मी कुणालाही नमस्कार करायच्या आधी पाण्याची वही मागितली, आणि ज्या नजरेने त्यांनी पाहिलं, त्यावरून मला समजलं की माझी पहिली छाप काही बरी पडलेली नाही.

मी सगळ्यांना सांगत असे की त्या दिवशी सहा माणसं वाचली. ते खरं आहे. पण मनात येतं ते वेगळं. त्याआधीच्या माझ्या तीन वर्षांत कधी उन्हाळ्यात बोअर आटलं असेल का? कधी कुणी न सांगता टँकर टाकीत ओतला असेल का? कुणाची छाती भरून आली होती, आणि आम्ही वय म्हटलं, हृदय म्हटलं, ती सकाळ कुठली? वही उघडून पाहिलं तर त्या तारखेला शून्य असेल. माझ्या अक्षरात.

परवा त्या मुलीचा फोन आला. तिनेही नोटीस दिली आहे. लग्न ठरलंय, सेलमला जाणार.

"अक्का, माझं हस्तांतराचं पान लिहितेय. दारावरचं तुमचं फाटायला आलंय, नवी प्रत काढतेय. सिस्टर म्हणतात शेवटची ओळ आता जुनी झाली, कार्बन बदलून किती दिवस झाले, रोज तपासतो, मग ती कशाला?"

"त्यांनी सही केली होती का कधी? माझ्या पानावर?"

"नाही. जागा कोरीच आहे. पण कार्बन आला त्या दिवशी त्यांनीच ते पाकीट खिळे ठोकून पक्कं केलं. तेव्हापासून कुणाला काढू देत नाहीत."

मी म्हणाले, "ओळ ठेव."

"ठेवते." मागे पंप चालू होता. मला तो फोनमधूनही ऐकू येत होता. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, पोंगलच्या आठवड्यात दोनदा बस चुकली होती. रुग्ण बसले होते. दोन दिवसांची न तपासलेली शून्यं माझीही आहेत."

माझ्या आधीचा तो हेल्मेटवाला मुलगा मला दिसला, आणि त्याच्या आधी कुणीतरी, ज्याने त्याला सांगितलं असणार.

"तारखा आठवतात?" मी विचारलं.

"आठवतात."

"मग त्या लिही. माझ्या ओळीखाली. नावासकट."